‘हॅव वेन्ट’ आणि ‘हॅज एट’ : चूक नेमकी कुठे होते?

साताऱ्यातल्या मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या वह्या तपासायला घेतल्या की काही वाक्यं हमखास भेटतात. ‘आय हॅव वेन्ट’, ‘ही हॅज एट’, ‘दे हॅव केम’, ‘शी हॅज रोट’. आपण लाल पेनानं ‘वेन्ट’ खोडतो, वर ‘गॉन’ लिहितो आणि तिन्ही रूपं दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगतो. मूल लिहून आणतं. गो, वेन्ट, गॉन. ईट, एट, ईटन असं घडाघडा म्हणूनही दाखवतं. पुढच्या निबंधात मात्र पुन्हा ‘हॅव वेन्ट’ असतंच.

तक्ता तोंडपाठ असताना लिहिताना चूक का होते, हा प्रश्न मी साताऱ्यात शिकवायला लागल्यापासून माझ्यासोबत आहे. आता माझं मत असं झालं आहे की या एका चुकीत बहुतेक वेळा दोन वेगळे गोंधळ गुंतलेले असतात. एक गोंधळ क्रियापदाच्या रूपाचा, दुसरा ‘हॅव’ मुळात हवं की नको याचा. दोन्हींचं मूळ मुलांच्या मनातल्या मराठी वाक्यात आहे. ते वाक्य न पाहता नुसतं रूप बदलून दिलं, तर निम्मी चूक तशीच राहते.

आधी इंग्रजीचा नियम पाहू. दुसरं रूप, म्हणजे ‘वेन्ट’, ‘एट’, ‘सॉ’, ‘रोट’, एकट्यानं वाक्य चालवतं. ‘आय वेन्ट.’ तिथे दुसऱ्या कुणाची गरज नाही आणि जागाही नाही. तिसरं रूप, म्हणजे ‘गॉन’, ‘ईटन’, ‘सीन’, ‘रिटन’, हे वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून एकटं येत नाही. त्याच्या आधी ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ लागतं, नाहीतर ‘इज’, ‘वॉज’ यांच्यापैकी कुणीतरी लागतं. ‘हॅव’नंतर दुसरं रूप कधीच येत नाही.

आता मराठी पाहा. ‘मी गेलो’, ‘मी गेलो आहे’, ‘मी गेलो होतो’. तिन्ही ठिकाणी ‘गेलो’ जसंच्या तसं आहे. ‘खाल्लं’, ‘खाल्लं आहे’, ‘खाल्लं होतं’. पुन्हा तेच. मराठीत साध्या भूतकाळाच्या रूपापुढे ‘आहे’ किंवा ‘होतं’ ठेवलं की काम झालं. मुलाला ‘गेलो’ म्हणजे ‘वेन्ट’ हे पक्कं माहीत असतं. मग ‘गेलो आहे’ म्हणजे ‘वेन्ट’ अधिक ‘हॅव’ असा हिशेब त्यानं केला, तर तो मराठीच्या नियमानं अगदी बरोबर आहे.

शब्दांचा क्रमही या गोंधळाला हातभार लावतो, असं मला वाटतं. मराठीत ‘गेलो’ आधी येतं आणि ‘आहे’ शेवटी. म्हणजे मनात वाक्य जुळवताना ‘वेन्ट’ आधीच हाताशी येऊन बसतं आणि ‘हॅव’ मागाहून आठवतं. इंग्रजीत ‘हॅव’ आधी येतं आणि पुढचं रूप त्यावरून ठरतं. मूल ‘हॅव’ योग्य जागी लिहितं, पण क्रियापदाची निवड त्याआधीच होऊन गेलेली असते.

या चुकीचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ‘प्ले’, ‘वर्क’, ‘वॉच’ अशा नियमित क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच असतात. अनियमित क्रियापदांतही ‘बाय’, ‘मेक’, ‘कीप’, ‘टेल’, ‘फाइंड’ यांची दोन्ही रूपं एकच आहेत. ‘आय हॅव बॉट’ लिहिणारं मूल कदाचित त्याच चुकीच्या नियमानं लिहीत असतं. उत्तर योगायोगानं बरोबर येतं आणि आपण बरोबरची खूण करतो. मुलाचा समज त्यामुळे आणखी घट्ट होतो. ज्या क्रियापदांत दोन रूपं वेगळी आहेत तिथेच तो समज उघडा पडतो, आणि ती क्रियापदं नेमकी रोजची आहेत: गो, कम, ईट, सी, डू, टेक, गिव्ह, राइट, ब्रेक, स्पीक, नो, रन, ड्रिंक, बिगिन.

एका सहलीचा परिच्छेद

साताऱ्यातल्या शाळांमध्ये कासची सहल हा निबंधाचा ठरलेला विषय. सप्टेंबरात पठार फुलतं आणि त्यानंतरच्या वह्याही फुलांनी भरतात. वेगवेगळ्या वह्यांत दिसणारी वाक्यं एकत्र करून मी हा परिच्छेद तयार केला आहे:

‘वुई हॅड वेन्ट टू कास लास्ट संडे. आय हॅड नेव्हर सॉ सो मेनी फ्लॉवर्स बिफोर. वन विंडो ऑफ द बस वॉज ब्रोक. वुई हॅव बॉट कंदी पेढे फॉर आजी, बट माय ब्रदर हॅज एट देम इन द बस. नाऊ आय हॅव रोट एव्हरीथिंग इन माय डायरी.’

सरधोपट तपासणी काय करते? ‘वेन्ट’चं ‘गॉन’, ‘सॉ’चं ‘सीन’, ‘ब्रोक’चं ‘ब्रोकन’, ‘एट’चं ‘ईटन’, ‘रोट’चं ‘रिटन’. पाच दुरुस्त्या आणि ‘बॉट’ला बरोबरची खूण. पण या पाच चुका एकाच जातीच्या नाहीत.

पहिलं वाक्य घ्या. मुलीच्या मनात आहे: ‘गेल्या रविवारी आम्ही कासला गेलो होतो.’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. जाऊन परत आलो, तो प्रसंग आता मागे पडला, हे सांगायला आपण सहज ‘गेलो होतो’ म्हणतो. ‘रविवारी आम्ही कासला गेलो’ म्हटलं तर ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’चं काम वेगळं आहे. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी काही घडली होती, हे दाखवायला ते येतं. इथे तसं काहीच नाही. रविवारी गेलो, एवढंच सांगायचं आहे. म्हणजे बरोबर वाक्य ‘वुई वेन्ट टू कास लास्ट संडे’. मुलीनं ‘वेन्ट’ अगदी बरोबर लिहिलं होतं! जास्तीचं होतं ते ‘हॅड’. आपण ‘वेन्ट’ खोडलं तेव्हा तिचा बरोबर शब्द खोडला आणि नको असलेला ठेवला.

दुसऱ्या वाक्यात ‘हॅड’ हवंच. त्या रविवारी फुलं पाहिली आणि त्याआधी कधी इतकी पाहिली नव्हती. एका भूतकाळामागचा दुसरा भूतकाळ इथे खरोखर आहे. म्हणून ‘हॅड नेव्हर सीन’. ही रूपाची खरी चूक. मधे ‘नेव्हर’ आल्यानं ‘हॅड’ आणि ‘सॉ’ यांचं नातं मुलीच्या नजरेतून सुटलं, हेही शक्य आहे. ‘नॉट’, ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘एव्हर’ असा शब्द मधे पडला की ही चूक लवकर होते, आणि प्रश्नात कर्ता मधे आला तरी होते.

खिडकीच्या वाक्यात ‘हॅव’ नाहीच, तरी तिसरं रूप लागतं. खिडकीची काच फुटलेली होती, अशी स्थिती सांगायची आहे, म्हणून ‘वॉज ब्रोकन’. ज्या मुलांना ‘हॅव आलं की तिसरं रूप’ एवढंच शिकवलेलं असतं ती इथे फसतात.

पेढ्यांच्या वाक्यात पुन्हा पहिलाच प्रकार आहे. पेढे घेतले आणि भावानं खाल्ले, दोन्ही गोष्टी त्या रविवारच्या. ‘वुई बॉट’ आणि ‘माय ब्रदर एट देम’. इथेही ‘एट’ बरोबर होतं आणि ‘हॅज’ जास्तीचं. ‘हॅव बॉट’मध्येही ‘हॅव’ जास्तीचं होतं, पण रूप योगायोगानं जुळल्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. तेच पेढे भावानं आत्ता घरी संपवले असते आणि आजी रिकामा डबा हातात घेऊन उभी असती, तर ‘हॅज ईटन’ अगदी योग्य ठरलं असतं.

शेवटचं वाक्य आत्ताबद्दल आहे. ‘नाऊ’ म्हटलं आहे, डायरी समोर आहे. ‘हॅव रिटन’ हवं. ही पुन्हा रूपाची चूक.

म्हणजे ‘वेन्ट’ आणि ‘एट’ या दोन जागी आपण चुकीचा शब्द खोडला. मूल गोंधळेल नाहीतर काय? ‘लास्ट संडे’ असताना ‘हॅड गॉन’ बरोबर म्हणून दिलं की पुढच्या वेळी तेच मूल ‘यस्टर्डे आय हॅव गॉन’ असं लिहून आणतं. आता रूप बरोबर आणि वाक्य चूक.

आधी ‘केव्हा’, मग रूप

म्हणून मी मुलांना दोन प्रश्न ठरावीक क्रमानं विचारायला लावते. पहिला प्रश्न: हे वाक्य ‘केव्हा?’ याचं उत्तर देतंय का? काल, रविवारी, २०२३ मध्ये, मी पाचवीत असताना, म्हणजे संपलेली वेळ सांगितली असेल किंवा गोष्टीच्या ओघात ती गृहीत असेल, तर ‘हॅव’ आणि ‘हॅज’ काढून टाकायचं. ‘हॅड’ही काढायचं, फक्त त्या वेळेच्याही आधीची घटना असेल तरच ठेवायचं. मराठीत ‘होतो’ आहे का, हे इथे पाहायचंच नाही, कारण आपण ‘होतो’ फार सढळ हातानं वापरतो.

त्यातून ‘हॅव’ टिकलं, तर दुसरा प्रश्न: तिसरं रूप कोणतं? इथे मराठीच मदतीला येते. आपल्याकडे ‘-लेला’ लागून होणारं एक वेगळं रूप आहे: गेलेला, खाल्लेला, फुटलेली, लिहिलेलं. साताऱ्या-सांगलीकडच्या गावांत तर ‘म्या ते बघितल्यालं हाय’ असं रोज कानावर पडतं. ‘फुटलेली काच’ म्हणजे ब्रोकन काच, ‘लिहिलेलं पत्र’ म्हणजे रिटन पत्र. ‘मी हे बघितलेलं आहे’ यातलं ‘बघितलेलं’ म्हणजे ‘सीन’. मुलांना सांगावं की ‘आहे’च्या आधीच्या शब्दाला मनातल्या मनात ‘-लेलं’ लावून पाहा. ‘गेलो आहे’चं ‘गेलेलो आहे’ करता येतं, ‘लिहिलं आहे’चं ‘लिहिलेलं आहे’ करता येतं. मग ते ‘वेन्ट’, ‘रोट’ राहत नाही, ‘गॉन’, ‘रिटन’ होतं. खिडकीचं वाक्यही यात आपोआप बसतं, कारण काच फुटलेली होती. तिसऱ्या रूपाला मराठीत जोडीदार मिळाला की मुलांना ते परकं वाटत नाही.

या खुणेला एक मर्यादा आहे आणि ती आपल्या भागात विशेष जाणवते. इथे बोलताना ‘काल मी सांगलीला गेलेलो’ असंही सर्रास म्हणतात, म्हणजे ‘गेलो होतो’ या अर्थानं. ‘-लेलं’ हीच एकमेव खूण धरली, तर मूल ‘यस्टर्डे आय गॉन टू सांगली’ लिहील. म्हणून ‘केव्हा’चा प्रश्न आधी आणि ‘-लेलं’ नंतर. हा क्रम उलटला की पद्धत बिघडते.

‘गो’बद्दल आणखी एक बारकावा. ‘तू कधी सांगलीला गेला आहेस का?’ याचं इंग्रजी ‘हॅव यू एव्हर बीन टू सांगली?’ असं होतं. जाऊन परत आलेल्या माणसाबद्दल ‘बीन’. गेला आणि अजून तिकडेच आहे त्याच्याबद्दल ‘गॉन’. साताऱ्यात बसून ‘आय हॅव गॉन टू सांगली’ म्हणणाऱ्याचं रूप बरोबर असलं तरी इंग्रजी वाचणारा क्षणभर थबकतो.

मुलं विचारतात, ‘गो’चं ‘वेन्ट’ कसं काय झालं? उत्तर खरंच मजेशीर आहे. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. वेन्ड म्हणजे वळणं, वाट धरणं. ‘सेन्ड’चं ‘सेन्ट’ होतं तसं ‘वेन्ड’चं ‘वेन्ट’. ‘गो’चं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि पंधराव्या शतकापर्यंत त्याच्या जागी ‘वेन्ट’ रुळलं. ‘गॉन’ मात्र ‘गो’चं स्वतःचंच आहे, म्हणून ते त्याच्यासारखं दिसतं. हे सांगितलं की ‘हॅव’शेजारी ‘गो’च्या घरातलंच रूप बसतं, ही गोष्ट मुलं सहसा विसरत नाहीत.

इंग्रजीतही ही रूपं पूर्वी इतकी पक्की नव्हती. थॉमस ग्रे यांची चर्चच्या स्मशानभूमीवरची प्रसिद्ध कविता १७५१ साली छापून आली, तेव्हा तिच्या शीर्षकात ‘रिटन’ऐवजी ‘रोट’ होतं. इंग्लंड-अमेरिकेत आजही काही ठिकाणी बोलताना ‘हॅव वेन्ट’ म्हणणारी माणसं आहेत, त्यामुळे एखाद्या मालिकेत ते कानावर पडू शकतं. पण आजच्या प्रमाण लेखी इंग्रजीत ती चूकच धरतात, आणि आपल्या मुलांच्या चुकीचं कारण वेगळं आहे.

चूक कुठल्या टप्प्यावर होते, ते कसं ओळखायचं

यासाठी एक पान पुरतं. क्रियापदं पाच-सहाच घ्यायची, पण दुसरं आणि तिसरं रूप वेगळं असलेलीच. ‘प्ले’ आणि ‘बाय’ घालून घेतलेल्या चाचणीतून इथे काहीच कळत नाही.

आधी रूपं तोंडी विचारायची. मग गाळलेल्या जागा द्यायच्या, ‘हॅव’ छापून: ‘आय हॅव नेव्हर’ आणि पुढे रिकामी जागा, कंसात ‘सी’. शेवटी तीन मराठी वाक्यं इंग्रजीत लिहायला द्यायची, काहीही न सुचवता. ‘आई बाजारात गेली आहे.’ ‘आई काल बाजारात गेली होती.’ ‘मी उठलो त्याआधीच आई बाजारात गेली होती.’ अपेक्षित उत्तरं अनुक्रमे ‘हॅज गॉन’, ‘वेन्ट’ आणि ‘हॅड गॉन’.

तोंडी रूपांतच चुकत असेल, तर पाठांतर खरंच कच्चं आहे, आणि तिथेच तक्ता उपयोगी पडतो. रूपं येतात पण गाळलेल्या जागा चुकतात, याचा अर्थ ‘हॅव’ तिसरं रूप मागतं हे मुलाला कळलेलंच नाही. दोन्ही बरोबर आणि शेवटची वाक्यं चूक, तर अडचण मराठीतून इंग्रजीत येण्याच्या वाटेवर आहे. माझ्याकडची बरीच मुलं याच तिसऱ्या ठिकाणी अडखळतात, आणि त्यांनाच आपण पुन्हा पुन्हा तक्ता लिहायला लावतो.

तक्ता लागणार असेल, तर तो थोडा बदलून घोकावा. ‘गो, वेन्ट, गॉन’ऐवजी ‘गो, वेन्ट, हॅव गॉन’. ‘ईट, एट, हॅव ईटन’. तिसरं रूप जिभेवर एकटं बसूच द्यायचं नाही. आणि एका चालीची क्रियापदं एकत्र ठेवावीत. ‘गिव्हन’, ‘टेकन’, ‘ईटन’, ‘फॉलन’ यांत पहिल्या रूपाचा सूर परत येतो. ‘ब्रोकन’, ‘स्पोकन’, ‘चोझन’ दुसऱ्या रूपावर उभी आहेत. ‘कम’ आणि ‘रन’ शेवटी आणि वेगळी घ्यावीत, कारण त्यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच असतं. ‘हॅज कम’ मुलांना अपुरं वाटतं, म्हणून ती ‘हॅज केम’ करतात.

निबंध लिहून झाल्यावर मुलानं स्वतः तपासायचं असेल, तर त्यानं सगळी ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ शोधून त्यांच्याखाली रेघ मारावी. प्रत्येक रेघेपाशी आधी ‘केव्हा’ विचारावं, मग पुढचं क्रियापद पाहावं, मधला ‘नॉट’ किंवा ‘नेव्हर’ ओलांडून. यात दोन ठिकाणी थांबायचं असतं. ‘आय हॅड टी’ यात ‘हॅड’ हेच मुख्य क्रियापद आहे, त्याला पुढे कुणी नको. आणि ‘हॅव टू’नंतर नेहमी पहिलं रूप येतं.

ही दुसरी जागा मुद्दाम सांगावी लागते. ‘हॅव’ दिसलं की तिसरं रूप, असा धाक बसला की चांगली मुलं ‘आय हॅव टू गॉन’ लिहायला लागतात, ‘डिड नॉट वेन्ट’चं ‘डिड नॉट गॉन’ करतात, आणि तिसरं रूपच जास्त शुद्ध समजून ‘आय सीन हिम यस्टर्डे’ लिहितात. एखाद्या वहीत अशी वाक्यं अचानक दिसायला लागली, तर त्या मुलाला आणखी रूपं देणं थांबवावं. काही दिवस फक्त ‘यस्टर्डे आय सॉ’ आणि ‘आय हॅव सीन’ अशी जोडवाक्यं द्यावीत, एका वेळी एकाच क्रियापदाची, आणि दोन्हींत नेमकं काय बदललं ते त्याच्याच तोंडून मराठीत ऐकावं.